छताच्या पट्ट्या आणि वीस फेब्रुवारी

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेचं छत बदलायचं होतं. जुनी कौलं उतरवायची, कुजलेले वासे काढून नवे बसवायचे आणि पुन्हा कौलं चढवायची. आमच्या एसडीएमसी या शाळा समितीतल्या एका तरुणानं एक्सेलमध्ये झकास गँट चार्ट केला होता, कोणतं काम कधीपासून कधीपर्यंत ते आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा. रंगीत सतरा पट्ट्या होत्या. देणगीसाठी पाठवलेल्या प्रस्तावाला आम्ही तोच जोडला. देणगीदारांकडून एका ओळीचं उत्तर आलं: “एप्रिलअखेर आम्हाला काय दिसेल?” पट्टी म्हणत होती, ‘छत दुरुस्ती, एप्रिल ते मे’. दिसणार काय, ते तिच्यात कुठेच नव्हतं.

मग आम्ही प्रत्येक पट्टीला एकच प्रश्न विचारला: ही संपली हे परक्या माणसाला कशावरून कळेल? ‘छत साठ टक्के पूर्ण’ हा टप्पा नव्हे. साठ टक्के मोजणार कोण? ‘वासे बसले, कौलं चढवण्याआधी इंजिनिअरनं पाहिले’ हा टप्पा. कौलं चढली की खालचा वासा कुणाला दिसत नाही, म्हणून पाहणी त्याच दिवशी व्हायला हवी. सुताराशी बोलणं, कोटेशन, वाहतूक या पट्ट्या आमच्या कामाच्या. त्या आमच्याकडेच राहिल्या आणि सतराच्या चार ओळी झाल्या:

| आठवडा | टप्पा | हाती काय देणार |
|---|---|---|
| 3 | परवानगी मिळाली | बीईओ ऑफिसचं पत्र |
| 7 | लाकूड शाळेत पोचलं | बिल, मोजणीचा कागद |
| 11 | वासे तपासले | सहीचा पाहणी अहवाल, फोटो |
| 14 | छत पूर्ण | ताबा पत्र |

आठवडे देणगीच्या करारावरच्या सहीपासून मोजले, कारण मंजुरी कधी येईल ते आपल्या हातात नसतं. खरं तर छत तेराव्या आठवड्यातच संपतं. कौलं उतरवायला एक आठवडा, वाशांना तीन, चढवायला दोन. चौदावा आम्ही वळवासाठी राखला, पण तक्त्यात तसं लिहिलं नाही. देणगीदाराला शेवटची तारीख हवी असते, आपली धाकधूक नव्हे.

आता खरी मेख. करारापासून मोजलेले आठवडे पुढेमागे सरकतात, उन्हाळ्याची सुट्टी मात्र सरकत नाही. पोरं वर्गात असताना कौलं उतरवता येत नाहीत आणि खानापूरच्या जूनमध्ये उघडं छत म्हणजे आतली बाकंही गेली. तेव्हा उलटं मोजायचं. सुट्टी साधारण 10 एप्रिलपासून धरली. त्याआधी परवानगी आणि लाकडाचे सात आठवडे. बोट येतं 20 फेब्रुवारीवर. गँटमध्ये पट्ट्यांना जोडणारे बाण असतात, त्यामुळे ही साखळी दिसते. तक्त्यात बाण पुसले जातात. म्हणून तक्त्याखाली एक ओळ हवीच: ‘करार 20 फेब्रुवारीनंतर झाल्यास तिसरा व चौथा टप्पा पुढील उन्हाळी सुट्टीत होईल.’

आमच्यात यावर वाद झाला. एक गुरुजी म्हणाले, असं लिहिलं तर ते पैसे देणार नाहीत. ओळ तशीच ठेवली. परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये, प्रस्ताव इंग्रजीत, बैठक मराठीत. तिन्हीकडे आकडे मात्र तेच आहेत ना, हे तपासायचं काम त्याच गुरुजींनी घेतलं.