पगार पटला नाही, पण दार बंद करायचं नाही

नमस्कार श्रोतेहो. नोकरीचा अर्ज कसा लिहावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. हातात आलेली नोकरी नाकारणारा मेल कसा लिहावा, याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. मी बरीच वर्षं कंपन्यांच्या भरती विभागात काम केलंय, असे मेल रोज उघडलेत. आज त्यातल्या एकाच प्रकाराबद्दल बोलते. काम आवडलंय, माणसं आवडलीत, पण पगार परवडत नाही. आणि पुढेमागे याच कंपनीत जायला आवडेल, असंही मनात आहे.

समजा, नाशिकची एक मुलगी आहे, क्वालिटी इंजिनिअर. आईवडिलांकडे राहते आणि दरमहा ४१ हजार हातात येतात. पुण्याच्या एका कंपनीनं तिला वर्षाला ७ लाख २० हजारांच्या सीटीसीची, म्हणजे कंपनीला तिच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाची, ऑफर दिली. घरात पेढे वाटायची तयारी झाली, कारण ७ लाख २० हजार भागिले १२ म्हणजे ६० हजार! पण हा भागाकार कागदावरच राहतो. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर पगाराचा तक्ता असतो, तो उघडून बघू.

त्यात ७२ हजार व्हेरिएबल आहेत. ते वर्षअखेरीस, कंपनीचं आणि तिचं काम बघून मिळणार, किंवा थोडे कमी मिळणार. तिचा बेसिक महिन्याला ३० हजार. त्यावर १२ टक्के दरानं कंपनीचा पीएफचा वाटा होतो ३,६०० रुपये, आणि तोही सीटीसीतच धरलाय. ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे वर्षाला सतरा हजारांच्या वर रक्कम धरली आहे. ती साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी झाल्याशिवाय हातात पडत नाही. वर विम्याचा हप्ता. हे सगळं वजा केलं की महिन्याला साधारण साडेअठ्ठेचाळीस हजार उरतात. त्यातून तिचा स्वतःचा पीएफचा वाटा ३,६०० आणि व्यवसाय कर २०० रुपये गेले, की खात्यात जमा होतील ४४,७००. नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर आयकर बसत नाही, तेवढं बरं.

म्हणजे सध्यापेक्षा ३,७०० रुपये जास्त. आणि पुण्यात कॉट बेसिसवर खोली, मेस, येणंजाणं, असे १४ हजार तरी धरायलाच हवेत. पीएफ हा तिचाच पैसा आहे, तो बुडत नाही, हे खरं. पण घरभाडं पीएफमधून देता येत नाही.

इथवर आलं की बरेचजण घाईघाईनं मेल लिहायला बसतात. आधी फोन करावा. कंपनीनं आकडा दिला, तुम्ही तुमचा सांगितला, त्यांनी "बघतो" म्हटलं आणि दोन दिवसांनी "या पदाला एवढंच बसतं" असं उत्तर आलं, की वाटाघाट संपली. आपल्या मुलीनं साडेआठ लाख फिक्स्ड मागितले होते, ते जमलं नाही. आता जो मेल जाईल तो नकाराचाच असायला हवा.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मेलच्या वरच्या अर्ध्या भागात नकार असतो आणि खालच्या अर्ध्या भागात "तरीही काही वाढवता आलं तर" असतं. वाचणाऱ्याला कळत नाही, की हा नाही म्हणतोय की घासाघीस करतोय. ती व्यक्ती चार दिवस वरिष्ठांकडे खेटे घालते, तोवर दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार दुसरीकडे रुजू होतो. हा राग लक्षात राहतो, बरं का.

दुसरी चूक सभ्यपणातून होते. पैशांचं कसं बोलायचं, म्हणून लोक "घरगुती अडचण" लिहून मोकळे होतात. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नकारापुढे कारण निवडावं लागतं. घरगुती अडचण नोंदवली, की पुढच्या वर्षी पगाराची श्रेणी वाढली तरी तुम्हाला फोन करावा असं कुणाला सुचणार नाही, कारण पगार वाढून तुमची घरगुती अडचण थोडीच सुटणार आहे! पगार हे कारण नोंदलेलं असेल, तर ते कंपनीला दूर करता येण्यासारखं असतं. म्हणून खरं कारण लिहावं, पण एकाच वाक्यात. बाजारभाव काय चाललाय, दुसरी कंपनी किती देते, याचं व्याख्यान नको.

मेल बहुधा इंग्रजीतच जाईल. मजकूर मराठीत सांगते. विषयाच्या ओळीत पदाचं नाव, स्वतःचं नाव आणि "ऑफरबाबत निर्णय" एवढं पुरे. पुढे असं:

"नमस्कार मॅडम. क्वालिटी इंजिनिअर या पदासाठी आपण पाठवलेल्या ऑफर लेटरबद्दल आभार. विचार करून मी ही ऑफर न स्वीकारण्याचा निर्णय घेतला आहे. कारण मुख्यतः पगाराचं आहे. नाशिकहून पुण्याला राहायला येण्याचा खर्च धरता, देऊ केलेल्या फिक्स्ड पगारात मला भागवता येणार नाही. फोनवर मी माझी अपेक्षा सांगितली होती, आणि या पदाची मर्यादा आपण मला स्पष्टपणे सांगितलीत. दुसऱ्या मुलाखतीत सरांनी पुरवठादारांच्या ऑडिटचं काम समजावून सांगितलं, ते मला मनापासून आवडलं. या विभागात सीनियर पद निघालं, किंवा या पदाची पगारश्रेणी बदलली, तर माझा जरूर विचार व्हावा, ही विनंती. माझा मोबाईल क्रमांक आणि वैयक्तिक ईमेल खाली देत आहे."

झालं. तीनदा सॉरी नाही, की "आपल्यासारख्या नामांकित संस्थेत" वगैरे नाही. पुरवठादारांच्या ऑडिटचं ते वाक्य मात्र काढू नका. "भविष्यात संधी मिळाल्यास आनंद होईल" हे सगळेच लिहितात आणि आम्ही ते वाचतही नाही. कोणतं काम, कोणतं पद, काय बदललं तर, हे लिहिलं की त्या मेलला पुढे शोधता येण्याजोगी खूण राहते. ईमेलही वैयक्तिकच द्या. सध्याच्या कंपनीचा पत्ता नोकरी सोडताच बंद होतो.

हा मेल ऑफरची मुदत संपायच्या आत गेला पाहिजे, आणि होकार कळवायच्या आधी. होकार देऊन रुजू व्हायच्या आदल्या दिवशी फोन बंद ठेवणाऱ्यांची नोंद वेगळी होते, आणि ती पुसली जात नाही. मेलची प्रत मुलाखत घेणाऱ्या साहेबांनाही पाठवा. भरती विभागातली माणसं सारखी नोकऱ्या बदलतात, मीही बदलल्यात. विभागप्रमुख सहसा जागेवर टिकतो, आणि उद्या जागा निघाली की "ती नाशिकची मुलगी" त्यालाच आठवते.

मेल गेल्यावर एखाद्या वेळी दोन दिवसांत फोन येतो, की आकडा वाढवलाय, आता या. त्या वेळी गडबडायला नको, म्हणून कितीला हो म्हणायचं हे मेल पाठवायच्या आधीच कागदावर लिहून ठेवा. आपल्या मुलीच्या बाबतीत हातात ५५ हजार आले तर ती फक्त आजच्या जागी राहते, पुढे जात नाही. म्हणून ५५ च्या खाली बोलणंच नको.

फोन नाही आला, तर लगेच मागे लागू नका. बहुतेक कंपन्यांचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पगारवाढी आणि नव्या जागांचे आकडे त्याच सुमारास ठरतात. एप्रिल-मे मध्ये त्याच जुन्या मेलवर उत्तर म्हणून चार ओळी पाठवा, म्हणजे आधीचं सगळं खाली आपोआप दिसतं. मधल्या काळात काय नवीन केलं ते त्यात सांगा. एखादं ऑडिट स्वतः पार पाडलं असेल, तर ते पहिल्याच ओळीत येऊ द्या.