मुलीने हे किती वेळा सांगायचे?

श्रोतेहो, नमस्कार. बालकांवरील लैंगिक अपराधांचा कायदा आपण पुस्तकात कलमांच्या क्रमाने वाचतो. आज मी तो एका मुलीच्या बाजूने उलगडणार आहे. प्रसंग कल्पित आहे, मात्र अशा खटल्यांत बालकाला सोबत करणारी सहाय्यक व्यक्ती म्हणून काम करताना मी जे पाहिले त्याच्याशी त्याचे नाते जवळचे आहे.

तालुक्याच्या गावी मुलींचे एक वसतिगृह आहे. तिथे राहणारी सहावीतली अकरा वर्षांची मुलगी गुरुवारी रात्री भांडी घासता घासता स्वयंपाकाच्या मावशींना म्हणते, "मावशी, मला शनिवारी स्टोअरच्या खोलीत पाठवू नका." मावशी विचारतात, "का गं?" त्यावर ती तिथल्या एका कर्मचाऱ्याविषयी दोन वाक्ये बोलते आणि गप्प होते. मावशी सकाळी अधीक्षिकेला सांगतात. अधीक्षिका मुलीला खोलीत बोलावून पुन्हा विचारतात आणि मुख्याध्यापकांना कळवतात. तेही तिला बोलावतात. संस्थेच्या सचिवांना फोन जातो, सोमवारी बैठक ठरते, आणि त्या बैठकीत पाच मोठी माणसे टेबलापलीकडे बसून मुलीला म्हणतात, "घाबरू नकोस, काय झालं ते नीट सांग." सोमवारपर्यंत तिने चार वेळा सांगितले आहे. पोलिसांना मात्र अजून कुणीच कळवलेले नाही.

या साखळीतल्या प्रत्येकाला वाटते की आपण आपले काम केले, कारण प्रत्येकाने माहिती 'वर' पाठवली आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे ज्याला आपण पोक्सो म्हणतो तो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि त्याचे कलम १९ 'वर' कळवायला सांगत नाही. असा अपराध घडल्याचे ज्या कोणाला माहीत आहे, किंवा तो घडण्याची ज्याला आशंका आहे, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला अथवा स्थानिक पोलिसांना माहिती द्यायची आहे. 'कोणतीही व्यक्ती' या शब्दांत मावशीही येतात, अधीक्षिकाही येतात आणि सचिवही येतात. बालकाने स्वतः कळवायचे म्हटले तर तेही कळवू शकते, फक्त त्याने कळवले नाही म्हणून त्याला शिक्षा नाही. इतरांना मात्र कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला अपराध संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. आपल्या प्रसंगातील सचिवांच्या डोक्यावर ही दुसरी तरतूद टांगलेली आहे, आणि बहुतेक सचिवांना ती वकील भेटेपर्यंत ठाऊक नसते.

येथे विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात: आरोप खोटा निघाला तर? कळवणाऱ्याला खरे-खोटे ठरवायचेच नाही, हे आधी लक्षात घ्यावे. कानावर आले ते त्याने पोहोचवायचे. तपास पोलिसांचा आणि निवाडा न्यायालयाचा. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे कलम १९ मध्येच लिहिलेले आहे. शिक्षा आहे ती कलम २२ प्रमाणे, बदनाम करण्याच्या किंवा पैसे उकळण्याच्या हेतूने मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला, आणि तीही बालकाला लागू नाही. 'आधी खातरजमा करू' हे वाक्य शहाणपणाचे वाटते, पण ती खातरजमा म्हणजे त्या मुलीला आणखी एकदा बोलायला लावणे असते.

न्यायालये याकडे कसे पाहतात, हे चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील प्रकरणावरून समजते. एका शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याचे ते प्रकरण होते आणि तेथील मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर, माहीत असूनही कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यापुरता गुन्हा आणि दोषारोपपत्र रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो आदेश फिरवला. डॉक्टर दोषी आहे असे न्यायालय म्हणाले नाही, त्याला खरोखर माहीत होते का हे पुराव्यावरच ठरायचे होते. पण माहीत असूनही न कळवणे हा गंभीर अपराध आहे आणि बहुतेकदा तो अपराध्याला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. वेळेवर वैद्यकीय तपासणी झाली नाही तर पुरावाच हातचा जातो, ही त्यामागची व्यवहारातली बाजू आहे.

आता तोच गुरुवार पुन्हा घेऊ. मावशी मुलीचे ऐकतात, तपशील उकरत नाहीत, आणि "कुणाला सांगणार नाही" असे वचन देत नाहीत. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना हे जड जाते, कारण गोपनीयता त्यांना पहिल्या वर्षापासून शिकवलेली असते. पण येथे ते वचन पाळता येणारच नसते, आणि मोडलेले वचन मुलीच्या लक्षात राहते. "हे मला पोलीस ताईंना सांगावं लागेल, मी तुझ्यासोबत असेन," एवढे म्हणणे प्रामाणिक आहे. मावशी त्याच रात्री अधीक्षिकेला सोबत घेऊन पोलीस ठाणे गाठतात. त्यांच्या लेखी माहितीत मुलगी कधी, कुठे आणि कुणाशी बोलली हे आहे आणि तिची दोन वाक्ये तिच्याच शब्दांत आहेत. 'अत्याचार' हा शब्द मुलीने उच्चारलेला नाही, म्हणून तो त्यात नाही. शिकलेली माणसे नेमकी येथे चुकतात. मुलीच्या बोलीतले शब्द काढून ती कागदावर आपली शुद्ध भाषा घालतात, आणि दीड वर्षाने बचाव पक्षाचा वकील तोच कागद पुढे करून विचारतो, "हे शब्द तुझे आहेत का?"

पोलिसांनी या माहितीला नोंद क्रमांक द्यायचा, ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, आणि चोवीस तासांच्या आत बालकल्याण समिती व विशेष न्यायालयाला कळवायचे आहे. जबाब घ्यायला अधिकारी गणवेशाशिवाय मुलीच्या घरी किंवा तिला बरे वाटेल अशा जागी जातात. शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाची महिला अधिकारी असते, आणि आईवडील किंवा मुलीचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ बसते. मुलीला रात्री ठाण्यात थांबवून घेता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची आहे, आणि तातडीचे उपचार द्यायला रुग्णालयाने आधी पोलिसांचे किंवा दंडाधिकाऱ्यांचे पत्र मागायचे नसते. तरीही अपघात विभागाच्या खिडकीवर "एफआयआरची प्रत आणा" हे वाक्य मी एकाहून अधिक वेळा ऐकले आहे. त्या खिडकीशी शांतपणे नियम सांगणारे कुणीतरी सोबत लागते.

हे कुणीतरी म्हणजे सहाय्यक व्यक्ती. २०२० च्या नियमांप्रमाणे बालकल्याण समिती तिची नेमणूक करते. तपासापासून निकालापर्यंत मुलीसोबत राहायचे, पुढच्या तारखेला काय होणार हे आधी सांगायचे आणि तिचे प्रश्न योग्य ठिकाणी पोहोचवायचे, हे तिचे काम. साक्ष पढवणे हे तिचे काम नव्हे, आणि ही सीमा ओलांडली गेली की खटल्याचे नुकसान होते. मी साक्षीच्या आदल्या दिवशी मुलीला रिकामे न्यायालय दाखवते. न्यायाधीश कुठे बसतील, पाणी कुठे आहे, पडदा कुठे असेल हे सांगते, आणि एक गोष्ट दोनदा सांगते: "आठवत नाही" आणि "प्रश्न कळला नाही" ही दोन्ही चालणारी उत्तरे आहेत. घटनेविषयी एक अक्षर बोलत नाही.

साक्षीच्या दिवशी आरोपी मुलीच्या नजरेस पडता कामा नये, मात्र त्याला तिची साक्ष ऐकू आली पाहिजे आणि आपल्या वकिलाशी बोलता आले पाहिजे. म्हणून कलम ३६ मध्ये पडदा, एका बाजूनेच दिसणारी काच किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंग हे मार्ग दिले आहेत. सुनावणी बंद दाराआड होते. सगळ्यात मोलाची तरतूद कलम ३३ मध्ये आहे: सरकारी वकील असोत वा बचावाचे, त्यांनी आपले प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलीला विचारायचे. समजा, वकिलांचा प्रश्न असा आहे: "त्या शनिवारी तू स्टोअरच्या खोलीकडे गेलीच नव्हतीस, आणि गेली असलीस तर तिथे दुसऱ्या मुलीही होत्या, हे खरं ना?" मोठा माणूसही याला एका शब्दात उत्तर देऊ शकणार नाही. न्यायाधीश तोच प्रश्न फोडून विचारतात: "शनिवारी तू त्या खोलीकडे गेली होतीस का?" उत्तर आले की, "अजून कोण होतं?" बचावाचा मुद्दा तसाच राहतो, फक्त त्यातला सापळा निघून जातो. काही न्यायालयांत मात्र सवयीने वकीलच थेट विचारू लागतात. अशा वेळी सहाय्यक व्यक्तीने मध्येच उठून बोलायचे नसते, सरकारी वकिलांच्या कानावर घालायचे असते.

वेळेच्या बाबतीत कायदा आणि वास्तव यांत मोठे अंतर आहे. न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलीची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पूर्ण व्हावा, असे कलम ३५ म्हणते, पण तारखा पडत जातात आणि सहावीतली मुलगी आठवीत जाते. त्यातच कधी एकदा साक्ष झालेल्या मुलीला पुन्हा बोलावण्यासाठी बचाव पक्षाचा अर्ज येतो. बालकाला वारंवार साक्षीला बोलावू नये, हे कलम ३३ मध्ये आहे. २०२४ मध्ये ओडिशातील एका प्रकरणात, पुरेशी उलटतपासणी आधीच झालेली असताना पीडितेला पुन्हा बोलावण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. ही बंदी संपूर्ण मात्र नाही. पहिल्या वेळी आरोपीला प्रश्न विचारण्याची खरी संधीच मिळाली नसेल, तर असा अर्ज मान्य होऊ शकतो. म्हणून पहिली उलटतपासणी घाईत उरकणे मुलीच्याही हिताचे नसते.

त्या उलटतपासणीत बहुधा एक प्रश्न असतोच: "हे तू आधी कुणाकुणाला सांगितलंस?" आपल्या पहिल्या प्रसंगात मुलीला मावशी, अधीक्षिका, मुख्याध्यापक आणि बैठकीतली पाच माणसे आठवून सांगावी लागतात, आणि मग वकील प्रत्येकापाशी थांबून, तिथे काय बोललीस, इथे काय वगळलेस, असे विचारत जातो. दुसऱ्या प्रसंगात ती म्हणते, "मावशींना. मग पोलीस ताईंना, डॉक्टर बाईंना आणि मॅजिस्ट्रेट मॅडमना." वकील वहीत काहीतरी लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.