गहाण पडलेली धर्मयुद्धं

श्रोतेहो, नमस्कार.

सन 1096. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट याने आपलं अख्खं राज्य धाकट्या भावाकडे गहाण टाकलं. हा भाऊ म्हणजे इंग्लंडचा राजा विल्यम रूफस. रक्कम ठरली दहा हजार मार्क चांदी; मार्क हे तेव्हाचं चांदी तोलायचं माप. ती उभी करायला विल्यमने इंग्लंडच्या रयतेवर जबर कर बसवला. पैसे हातात पडल्यावर रॉबर्ट फौज घेऊन जेरुसलेमच्या वाटेला लागला.

क्रुसेड, म्हणजे मध्ययुगातली ख्रिस्ती धर्मयुद्धं म्हटली की सांगितलं जातं, युरोपातली जमीन न मिळालेली धाकटी पोरं लुटीच्या आशेने पूर्वेला गेली. लूट झाली हे खरंच. पण रॉबर्ट धाकटा नव्हता, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा तो थोरला मुलगा. आणि तो काही एकटा नव्हता. जेरुसलेमचा पहिला लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपातला ख्रिस्ती, सत्ताधीश झालेला गॉडफ्री, त्यानेही आपला बुईयोंचा किल्ला लिएजच्या बिशपकडे गहाण टाकला होता. लहानसहान सरदार आपली शेतं मठांकडे गहाण टाकत होते, नाहीतर विकून मोकळे होत होते. जाणं हा मोठ्या खर्चाचा मामला होता. मग गेले कशासाठी?

एक कारण राजकीय. 1071 मध्ये मांझिकर्टला सेल्जुक तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपलहून राज्य करणाऱ्या ग्रीक ख्रिस्ती बायझंटाईन सम्राटाचा पराभव केला आणि आशिया मायनरचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, बराचसा मुलूख त्याच्या हातातून गेला. 1095 च्या मार्चमध्ये सम्राट अलेक्सिओसचे वकील पोप दुसरा अर्बन याच्याकडे मदत मागायला आले. त्यांना हवे होते भाडोत्री सैनिक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रान्समध्ये क्लेर्मों इथल्या सभेत पोपने त्या मागणीचं रूप पार पालटून टाकलं.

ते कसं, हे कळायला त्या काळच्या शिपायाच्या मनात डोकवावं लागतं. 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईला पोपचा पाठिंबा होता. तरीही लढाईनंतर बिशपांनी विजयी सैनिकांना प्रायश्चित्त सांगितलं: जितकी माणसं मारली, तितकी वर्षं. मारणं हा ज्याचा धंदा, त्याचा हिशोब या जन्मात फिटायचा कसा? क्लेर्मोंच्या सभेने ठराव केला, की मानमरातब किंवा पैसा यांसाठी नव्हे, केवळ भक्तिभावाने जो जेरुसलेम सोडवायला जाईल, त्याचा तो प्रवासच सगळ्या प्रायश्चित्ताच्या ठिकाणी धरला जाईल. म्हणजे ज्या तलवारीमुळे पाप लागायचं, तीच आता पाप धुणार! हे ऐकल्यावर सरदारांना जमीन गहाण टाकणं महाग वाटलं नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. निघता निघताच काही टोळ्यांनी ऱ्हाईनकाठच्या वर्म्स आणि माइन्झ शहरांतल्या ज्यूंची कत्तल केली. 15 जुलै 1099 ला जेरुसलेम पडलं, तिथेही रक्ताचे पाट वाहिले. नंतर बहुतेक योद्धे घरी परतले. रॉबर्टचं नशीब असं, की तो परतायच्या आत सावकार भाऊच मेला आणि कर्ज फेडायचं राहिलं! 1187 मध्ये इजिप्त आणि सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याने जेरुसलेम परत घेतलं.

मला आज थोडं थांबायचंय ते चौथ्या मोहिमेपाशी. कारण या युद्धांतली सगळ्यांत खोल जखम मुसलमानांना झाली नाही, ती ख्रिस्ती माणसांनीच ख्रिस्ती शहराला केली. आणि तिच्या मुळाशी होती एक थकबाकी.

1201 मध्ये सहा फ्रेंच वकील व्हेनिसला आले. जमिनीवरून जाण्याचे हाल आता सगळ्यांना माहीत झाले होते, म्हणून जहाजं हवी होती. करार असा झाला: माणशी दोन मार्क, घोड्याला चार. माणसं साडेतेहतीस हजार, घोडे साडेचार हजार. म्हणजे माणसांचे सदुसष्ट हजार, घोड्यांचे अठरा हजार, एकूण पंच्याऐंशी हजार मार्क. आजच्या मापाने सुमारे वीस टन चांदी! व्हेनिसने आपला व्यापार बाजूला ठेवून जहाजं बांधली.

चूक अंदाजात झाली. साडेतेहतीस हजार माणसं येतील हे कुणी ठरवलं? वकिलांनी. पण जे आलेच नव्हते त्यांच्यावर त्या कराराचं बंधन नव्हतं. कुणी मार्सेयहून परस्पर निघाले, कुणी घरीच राहिले. 1202 च्या उन्हाळ्यात व्हेनिसजवळच्या बेटावर जेमतेम एक तृतीयांश फौज जमली. सरदारांनी स्वतःची सोन्याचांदीची भांडीसुद्धा दिली, तरी चौतीस हजार मार्क कमी पडले.

व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे डोज, होता एन्रिको दांदोलो. वयोवृद्ध आणि आंधळा, पण व्यवहाराला पक्का. त्याने तोड काढली: आम्हाला एड्रियाटिक समुद्राकाठचं झारा शहर जिंकून द्या, वसुलीचं नंतर पाहू. झारा ख्रिस्तीच, आणि ते ज्याच्या ताब्यात होतं त्या हंगेरीच्या राजाने स्वतः धर्मयुद्धाची शपथ घेतलेली! पोप तिसरा इनोसंट याने मनाई केली, तरी झारा पडलं. पोपने धर्मबहिष्काराचं हत्यार उपसलं, पण गाडं थांबलं नाही.

मग आला अलेक्सिओस नावाचाच दुसरा एक बायझंटाईन राजपुत्र. त्याच्या बापाची गादी गेली होती. ती मिळवून द्या, दोन लाख मार्क देतो, असं त्याने कबूल केलं. कर्जात बुडालेल्यांना आणखी काय हवं? 1203 मध्ये त्यांनी त्याला कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर बसवलं. खजिना रिकामा निघाला. चर्चमधली चांदी वितळवूनही रक्कम पुरी होईना, लोक चिडले, आणि पुढच्या वर्षी दरबारातल्याच एका सरदाराने त्याला पदच्युत करून ठार केलं. आता देणेकरीच उरला नव्हता.

12 एप्रिल 1204 ला तटबंदी फुटली. तीन दिवस लूट चालली. नायकेतास खोनियातीस हा बायझंटाईन अधिकारी तेव्हा शहरात होता. तो लिहितो, की हागिया सोफिया या तिथल्या मुख्य चर्चमध्ये लूट वाहून न्यायला खेचरं आत नेली होती आणि फरशीवर काहींचे पाय घसरत होते. शतकानुशतकं जपलेले ब्राँझचे पुतळे नाणी पाडायला वितळवले गेले. घोड्यांचे चार पुतळे मात्र वाचले. ते व्हेनिसला गेले आणि आजही सेंट मार्क चर्चमध्ये आहेत. मोहिमेचा मूळ बेत इजिप्तवर चालून जायचा होता, तो बारगळला.

ग्रीकांनी शहर 1261 मध्ये परत मिळवलं, पण जुनी ताकद काही परतली नाही. 1453 मध्ये ते ऑटोमन तुर्कांनी घेतलं. 1204 हे त्याचं एकमेव कारण नव्हे, पण तोवर साम्राज्य जवळजवळ एका शहरापुरतं उरलं होतं. आणि रोमच्या चर्चविषयी ग्रीकांच्या मनात जी अढी बसली, ती किती टिकावी? 2001 मध्ये पोप दुसरा जॉन पॉल अथेन्सला गेला, तेव्हा त्याला या लुटीबद्दल जाहीर खेद व्यक्त करावा लागला.

दुसरा परिणाम तर आपल्या किनाऱ्यापर्यंत आला. या युद्धांत योद्धे-संन्याशांचे संघ निघाले होते, त्यांतला एक टेंपलरांचा. 1312 मध्ये पोपने तो मोडला. पोर्तुगालच्या राजाने मात्र त्याची मालमत्ता वापरून 1319 मध्ये ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’ हा नवा संघ उभारला. पुढच्या शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्याने जहाजं धाडणारा राजपुत्र हेन्री या संघाचा कारभारी झाला, आणि संघाचं उत्पन्न त्या सफरींच्या कामी आलं. 1456 मध्ये तर पोपने थेट हिंदुस्थानापर्यंतच्या मुलखाचा धार्मिक अधिकार या संघाला लिहून दिला. वास्को द गामा कालिकतला यायला तेव्हा बेचाळीस वर्षं बाकी होती, आणि गोवा पोर्तुगीजांच्या हाती पडायला चौपन्न.