कमी गिगाहर्ट्झ, तरी गेममध्ये जास्त एफपीएस, म्हणजे सेकंदाला जास्त फ्रेम. असं कसं?

हे दोन प्रोसेसर बघा. एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स आणि २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स-थ्रीडी. दोघांतही आठच कोअर, आर्किटेक्चरही तेच. थ्रीडीचा बूस्ट क्लॉक, म्हणजे कमाल वेग, तर कमी आहे, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. फक्त एल-थ्री कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी, ३२ एमबीवरून ९६ झाली, कारण चिपवर ६४ एमबीचा आणखी एक थर चढवला. सीपीयूचा वेग मोजणाऱ्या सिनेबेंच चाचणीत हा नवा गडी मागे पडतो. पण फॅक्टोरिओ हा कारखाने उभारायचा गेम किंवा फ्लाइट सिम्युलेटर लावा, तिथे तो जुन्याला सहज मागे टाकतो.

कारण वाट बघण्यात आहे. हवा तो डेटा एल-थ्रीमध्ये सापडला, तर साधारण दहा नॅनोसेकंदांत मिळतो. रॅमपर्यंत जावं लागलं तर सत्तर-ऐंशी. साडेचार गिगाहर्ट्झवर ऐंशी नॅनोसेकंद म्हणजे क्लॉकचे ३६० ठोके, म्हणजेच ३६० सायकल! क्लॉक वाढवला म्हणून रॅम लवकर उत्तर देत नाही. वाट बघण्यात उलट जास्त सायकल वाया जातात.

एक हिशोब करू, आकडे सोयीसाठी धरलेत. एका फ्रेमला सीपीयूचे १० मिलिसेकंद लागतात, त्यातले ५ आकडेमोडीचे, ५ रॅमची वाट बघण्याचे. क्लॉक दहा टक्के वाढवला, तर आकडेमोड साडेचारवर येते, वाट पाचच राहते. १०० एफपीएसचे झाले जेमतेम १०५. आता क्लॉक थोडा कमी ठेवा, पण रॅमच्या निम्म्या खेपा कॅशमध्येच भागवा. आकडेमोड ५.२, वाट सुमारे २.९. एफपीएस जातो १२३ च्या आसपास.

मग सगळ्याच गेमला हा फायदा का नाही? डेटा ओळीने वाचायचा असेल, तर प्रोसेसरमधला प्रीफेचर पुढचा भाग अंदाजाने आधीच आणून ठेवतो. फॅक्टोरिओत मात्र हजारो यंत्रं मेमरीत विखुरलेली असतात, आणि एकाचा पत्ता वाचल्याशिवाय दुसरं कुठे आहे ते कळतच नाही. तिथे अंदाज चालत नाही, डेटा जवळच असावा लागतो. म्हणून मधल्या आकाराच्या कारखान्यात हा प्रोसेसर सुसाट पळतो, आणि कारखाना इतका अवाढव्य झाला की ९६ एमबीतही मावेना, तर आघाडी आटते. बेंचमार्कचे व्हिडिओ बघताना सेव्ह फाइल केवढी होती, तेही बघत जा.

तुमच्या गेमचं काय, ते घरीच तपासा. रिझोल्यूशन ७२० पीवर आणा. एफपीएस भरपूर वाढला, तर तुमचं ग्राफिक्स कार्डच अडतंय, प्रोसेसरवर पैसे घालू नका. नाही वाढला, तर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, बंद करून तोच सीन पुन्हा चालवा. रॅम मंदावल्यावर एफपीएस दणकून पडला, तर तुमचा गेम मेमरीवर अडतोय, आणि मोठ्या कॅशचा उपयोग अशाच गेमला होतो. एक्सएमपी परत चालू करायला विसरू नका म्हणजे झालं.