चेअरमनसाहेब, पट्टी सोबत ठेवा

नमस्कार श्रोतेहो. आज लातूरच्या आमच्या गुरुजींचं जाहीर अभिनंदन करायचंय. आमचे गुरुजी, आयुष्यभर पोरांना गणित शिकवून रिटायर झालेले, आता आमच्या सोसायटीचे चेअरमन झालेत! सभासदांनी कमिटी निवडली, कमिटीनं आपल्यातून चेअरमन निवडला, गुरुजी नको नको म्हणत राहिले आणि तोपर्यंत हार गळ्यात पडला पण. हाराचं म्हणाल तर मला ते बुके-बिके अजिबात पटत नाहीत, तीनशे रुपयाची फुलं संध्याकाळी कचऱ्यात जातात, त्यापेक्षा माणसाला एक मोजपट्टी द्यावी. मी तीच दिलीय.

मोजपट्टीच का, ते सांगतो. लातूरच्या माणसाला पाण्याचं काही समजावून सांगायची गरज नाही, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. तर असाच एक उन्हाळा, आमच्या हौदात टँकर रिकामे व्हायचे आणि रोज कुजबुज, की दहा हजारचा म्हणतात पण पाणी कमी येतंय राव. ग्रुपवर नुसता आरडाओरडा, आणि सकाळी त्याच ग्रुपवर गुलाबाच्या फोटोसकट शुभ सकाळ. गुरुजी काही बोलले नाहीत. एक लांब बांबू आणला, त्याच्यावर इंचाइंचाला खुणा केल्या आणि हौदाच्या झाकणापाशी जाऊन बसले.

हिशोब सोपाय. आमचा हौद आतून दहा फूट लांब, आठ फूट रुंद. म्हणजे पाणी एक फूट चढलं की ऐंशी घनफूट, आणि एक घनफूट म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास. म्हणजे फुटाला साधारण बावीसशे पासष्ट लिटर, इंचाला एकशे नव्वद. परत सांगतो, आमच्या हौदात एक इंच म्हणजे एकशे नव्वद लिटर. दहा हजारचा टँकर पूर्ण उतरला तर पाणी चार फूट पाच इंच चढलंच पाहिजे.

पहिल्या दिवशी चढलं तीन फूट पाच इंच. एक फूट गायब! गुरुजी उठले, ड्रायव्हरला म्हणाले, बाळा, सव्वादोन हजार लिटर कुठं गेलं? सगळी बिल्डिंग गॅलरीत. ड्रायव्हर पोरगं शांतपणे म्हणालं, ‘‘काय करायलेत गुरुजी, वरची मोटर चालूय की.’’ खरंच, वॉचमननं टँकर यायच्या आधीच मोटर लावली होती, इकडून पाणी पडतंय आणि तिकडून गच्चीवरच्या टाकीत चाललंय. गुरुजींनी तिथंच सगळ्यांसमोर त्या पोराची माफी मागितली, चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मोटर बंद, आधी बांबू, नंतर बांबू. चार फूट दोन इंच. अजून तीन इंच कमी, म्हणजे पावणेसहाशे लिटर. आता मात्र गुरुजी ओरडले नाहीत, टँकरभोवती एक चक्कर मारली. आमच्या गेटपाशी उतार आहे. टँकर तोंड खाली करून उभा, आणि पाणी सोडायचा व्हॉल्व्ह मागं, म्हणजे वरच्या बाजूला. पुढच्या टोकाला साठलेलं पाणी बाहेर येणार कसं? पाईपातून यायचं थांबलं की आपण समजायचो टँकर रिकामा झाला, आणि तेवढं पाणी रोज गाडीसोबत परत जायचं. ड्रायव्हरला म्हणाले, उद्यापासून गाडी रिव्हर्स घेऊन लाव. मागची बाजू उताराला आली आणि बांबूवर चार फूट साडेचार इंच! अर्धा इंच गुरुजींनी सोडून दिला, म्हणाले, बांबूच्या खुणा माझ्याच हातच्या आहेत.

एवढी गोष्ट मला फार आवडते, म्हणून अर्धा वेळ तिनंच खाल्ला. तुमच्याकडं टँकर येत असेल तर आधी मोटर बंद करा, आणि टँकरचा व्हॉल्व्ह उताराच्या बाजूला आहे का बघा. मोटर आणि उतार, आधी एवढं बघा आणि मग भांडा.

तर गुरुजी, आता खुर्ची तुमची. कमिटीत समसमान मतं पडली तर तुमचं जास्तीचं मत चालतं, तीस सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, आणि लिफ्टचा खर्च तळमजल्यालाही सारखाच पडतो हे तळमजल्याला पटवून द्यावं लागतं, त्यासाठी माझ्या शुभेच्छा. आणि एक अडचण. उपविधीप्रमाणं पाण्याची पट्टी घरटी सारखी नसते, फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार बघून लागते. रविवारच्या मीटिंगला नळ मोजायचा विषय आहे म्हणे. गुरुजी, सगळ्यात जास्त नळ तुमच्याच घरी आहेत, गॅलरीतल्या कुंड्यांचा धरून.