चाक तेच, पण कन्सोल ओळखेल का?

(दृश्य: लातूरमधली एक खोली. टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळलेलं रेसिंग व्हील, बाजूला पीएस५.)

जुनं व्हील विकणारा माणूस हमखास एक गोष्ट करतो. लॅपटॉपला केबल जोडतो, चाक फिरवून दाखवतो आणि म्हणतो, "बघा, चालतंय की!" चाललं हे खरं. पण त्यातून एवढंच कळलं, की ते पीसीवर चालतं. घरी पीएस५ असेल, तर अजून काहीच कळलेलं नाही.

पीसी मुळात कुणालाही घरात घेतो. व्हील यूएसबीला लावलं, ड्रायव्हर टाकला, की विंडोज त्याला गेम कंट्रोलर मानतं. कन्सोल मात्र आधी ओळखपत्र मागतो. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या दोघांची परवान्याची पद्धत वेगवेगळी आहे, आणि ती ओळख पटवणारा भाग व्हीलच्या हार्डवेअरमध्येच असतो. तो नसेल तर कुठलाही ड्रायव्हर, कुठलंही अपडेट तो आणून देत नाही.

(दृश्य: दोन व्हील शेजारी शेजारी. कॅमेरा बटणांवर.)

लॉजिटेकचं जी२९ आणि जी९२० लांबून भावंडं वाटतात. जवळून बटणं बघा. त्रिकोण, गोल, फुली, चौकोन असेल तर ते जी२९, प्लेस्टेशनचं. ए, बी, एक्स, वाय असेल तर जी९२०, एक्सबॉक्सचं. पीसीवर दोन्ही चालतात, आणि फसगत होते ती इथेच. जी९२३ या एकाच नावाखाली तर दोन वेगळी व्हील विकली जातात, म्हणून खोक्यावरचं नाव पुरत नाही. बटणं बघावीत आणि बेसच्या खालचं लेबलही वाचावं. फॅनाटेकचा मामला आणखी निराळा: प्लेस्टेशनची ओळख बेसमध्ये, एक्सबॉक्सची मात्र वर बसणाऱ्या स्टीअरिंगमध्ये. तिथे नुसता बेस बघून सौदा करू नये.

(दृश्य: थ्रस्टमास्टर टी३००आरएसचा बेस. बोट एका छोट्या सरकत्या स्विचवर.)

आपल्यासमोर आहे टी३००आरएस. प्लेस्टेशनचं व्हील, म्हणजे ओळखपत्राची अडचण नाही. तरीही पीएस५ दाद देत नसेल, तर आधी हा स्विच बघायचा. त्यावर पीएस३ आणि पीएस४ अशी दोनच ठिकाणं आहेत. पीएस५साठी तो पीएस४कडे हवा. मग आधी वीज, नंतर यूएसबी. चाक आपोआप डावीकडे-उजवीकडे फिरून स्वतःचा मध्य शोधतं. तेवढा वेळ हात लावायचा नाही. लावलात तर मध्य चुकतो, आणि सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला ओढत राहते.

एवढं करूनही जमलं नाही, किंवा चाक चालतंय पण हाताला रेटा देणारा फोर्स फीडबॅक येत नाही, तर शंका व्हीलच्या आतल्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे फर्मवेअरवर. ते कन्सोलवरून बदलता येत नाही. विंडोज असलेला पीसी लागतोच. स्वतःचा नसेल तर मित्राचा अर्धा तास मागून घ्यावा.

(दृश्य: पीसीचा पडदा.)

थ्रस्टमास्टरच्या सपोर्ट पानावरून टी३००आरएसचं पीसी पॅकेज आधी इन्स्टॉल करा, व्हील नंतर लावा. स्विच आता पीएस३कडे. केबल थेट पीसीच्या पोर्टमध्ये. मधे हब नको, एक्स्टेंशन नको. अपडेट चालू असताना जोडणी क्षणभर जरी ढिली झाली, तरी काम अर्धवट राहतं. कंट्रोल पॅनेलमध्ये सध्याचा फर्मवेअर आकडा दिसतो, तो लिहून ठेवा. मग फर्मवेअर अपडेटर उघडा आणि तो सांगेल तसं पुढे जा.

आता आपल्या भागाची गोष्ट. उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. पीसी यूएसबीवरून फर्मवेअर पाठवतो, पण व्हीलला वीज भिंतीच्या सॉकेटमधून येते. म्हणून लॅपटॉपला बॅटरी आहे एवढ्यावर विसंबू नका. बेस इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर लावा, मगच बटण दाबा. मधेच वीज गेली, तर पुढच्या वेळी चाक नेहमीसारखं फिरून मध्य शोधत नाही. तेव्हा घाबरून बेस उघडायचा नाही. केबल काढा, पुन्हा लावा, अपडेटर परत चालवा. बहुतेक वेळा तेवढ्यानं तो सावरतो.

(दृश्य: चाक डावीकडे, उजवीकडे, मग थांबलेलं.)

झाल्यावर पीसीवरच तपासा. विंडोज आणि आर दाबून हे टाइप करा:

```
joy.cpl
```

व्हील निवडून गुणधर्म उघडा. चाक वळवलं की खूण सरकते का, प्रत्येक पेडलची पट्टी पूर्ण भरून परत रिकामी होते का, हे पाहा. पट्टी अर्ध्यावर थांबत असेल, तर बेसमागची पेडलची तार नीट बसलेली नसेल.

मग सगळं काढा, स्विच परत पीएस४कडे, आणि व्हील पीएस५ला जोडा. पुढचे दोन्ही पोर्ट यूएसबी-सी असतील, तर केबल मागच्या यूएसबी-एमध्ये. व्हीलवरचं पीएस बटण दाबा. पडद्यावर वापरकर्ता निवडायला सांगितलं जाईल.