चिकटवलेली नखं काढताना

लग्नसराई सरत आली की सांगलीत, विश्रामबागेतल्या या छोट्या पार्लरात नखं लावायला कमी आणि काढायला जास्त मुली येतात. आज आलेल्या करवलीच्या प्लॅस्टिकच्या नखांच्या कडा अजून हळदीने पिवळ्या आहेत. एक नख मात्र जागेवर नाही. मधल्या बोटाचं तिने घरीच दाताने उपटलंय.

ते बोट जवळून बघू. नखावर पांढरट, खरबरीत चट्टा दिसतोय. आपलं नख म्हणजे एकावर एक बसलेले पातळ थर. प्लॅस्टिक उचकटलं तेव्हा गोंदाबरोबर वरचे थरही निघून आले.

राहिली नऊ. पार्लरवाल्या ताई कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालतात आणि बोटं पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवतात. पाणी गार झालं की बदलतात. मग लाकडी काडी कडेने हळूच सरकवून नख डावी-उजवीकडे हलवायचं, वर उचलायचं नाही. “दुखलं की लगेच सांग गं. दुखतंय म्हणजे अजून सुटलेलं नाही.” चार नखं अशीच निघाली. दहा-बारा दिवसांच्या वापरात त्यांच्या कडेने पाणी शिरलेलंच होतं.

उरलेली पाच हट्टी आहेत. त्यांना ॲसिटोनच लागणार. बाटलीवर ‘ॲसिटोन-फ्री’ लिहिलं असेल तर त्या रिमूव्हरने नेलपॉलिश जाईल, हा गोंद फारसा हलणार नाही.

ताई आधी प्लॅस्टिक आखूड कापतात, वरचा चकाकता थर घासून काढतात आणि नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलिन लावतात. खिडकी उघडी, आसपास गॅस किंवा उदबत्ती नाही, कारण ॲसिटोन चटकन पेट घेतं. ते ओतायला वाटीही स्टीलची, प्लॅस्टिकची विरघळू शकते. भिजवलेला कापूस नखावर, त्यावर फॉइल गुंडाळायची आणि दहा मिनिटं थांबायचं.

फॉइल काढल्यावर प्लॅस्टिक चिकट, लिबलिबीत झालेलं दिसतं. काडीने ते मुळाकडून टोकाकडे सारायचं. अंगठ्याचं अजून कडक आहे, म्हणून कापूस पुन्हा भिजवून आणखी पाच मिनिटं. इथे घाई करून धातूची पट्टी घातली की भिजवण्याचे सगळे कष्ट वाया. उरलेल्या गोंदावर मऊ बफरचे दोन-चारच हात, बस्स.

आता सगळीच नखं पांढरी दिसतायत आणि मुलगी घाबरलीय. ताई त्यांना खोबरेल तेल चोळतात. नऊ नखांचा पांढरेपणा बघता बघता जातो, तो नुसता कोरडेपणा होता. मधल्या बोटाचा चट्टा मात्र तेलानंतरही हाताला खरबरीत लागतो.

तो भरून येत नाही, नखाबरोबर पुढे सरकतो. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे अख्खं नख बदलायला सहाएक महिने. तोवर ते आखूड ठेवायचं, रोज तेल लावायचं आणि त्यावर नवं काही चिकटवायचं नाही. नख हिरवट पडलं किंवा कडेला सूज येऊन पू दिसला, तर मात्र पार्लरात न येता त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं.